अंगठा लागला, हजेरी कुठे गेली?

लहान कारखाना, शाळा, पतपेढी किंवा दवाखाना, जिथे म्हणून दारात थंब मशीन बसवलेले असते, तिथे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक घालमेल हमखास होते. हिशेबनीस कॉम्प्युटरवर हजेरी ओढायला जातो आणि पडद्यावर ‘यंत्राशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाची ओळ येते. पगार सात तारखेच्या आत व्हायचा असतो. मग कोणी यंत्राचा प्लग काढून पुन्हा लावतो, कोणी सॉफ्टवेअर नव्याने टाकतो, तर एखादा शहाणा यंत्राच्या मेनूत शिरून ‘सगळे रिसेट’ करून टाकतो. यातल्या शेवटच्या उपायाने पूर्ण महिन्याची हजेरी कायमची पुसली जाऊ शकते.

आधी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. तुम्ही बोट ठेवता तेव्हा यंत्र त्या बोटाच्या रेषांची खूण आपल्याजवळच्या नोंदवलेल्या खुणांशी ताडून पाहते. जुळली की स्वतःच्या मेमरीत एक ओळ लिहिते: कामगाराचा क्रमांक, तारीख आणि वेळ. या कामाला ऑफिसातल्या कॉम्प्युटरची गरज नसते. कॉम्प्युटर बंद असो, केबल तुटलेली असो, इंटरनेट गेलेले असो, पंच यंत्रात जमा होतच राहतात. चांगल्या यंत्रांत असे लाखभर पंच मावतात. म्हणजे हजेरी ‘वर गेली नाही’ याचा अर्थ ती बुडाली असा होत नाही. ती दारावरच्या त्या डबीत असते आणि कोणी पुसेपर्यंत तिथेच राहते.

बिघाड असतो तो पुढच्या प्रवासात. हा प्रवास तीन ठिकाणी अडतो: यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या रस्त्यावर, यंत्राच्या घड्याळात आणि शेवटी फाइल एक्सेलमध्ये उघडताना. रस्ता अडला की लगेच कळते, कारण पडद्यावर चूक दिसते. घड्याळ आणि फाइल यांचा बिघाड मात्र गुपचूप होतो. सगळे ठीक चालल्यासारखे दिसते आणि कुणाच्या तरी पगारातून दिवस कापले जातात. म्हणून मला घड्याळाची काळजी रस्त्यापेक्षा जास्त वाटते.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत असतात तसा साठ-सत्तर कामगारांचा एखादा कारखाना उदाहरणाला घेऊ. गेटवर थंब मशीन, आत ऑफिसात हिशेबाचा कॉम्प्युटर, मधून गेलेली निळी केबल. २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत ब्रॉडबँडवाल्याने जुना राउटर काढून नवा बसवला. इंटरनेट सुरू झाले, व्हॉट्सअ‍ॅप चालू लागले, सगळे खूश. पुढे रविवारी, २ नोव्हेंबरला, देखभालीसाठी वीज दिवसभर बंद होती. ती सोमवारी सकाळी आली. मंगळवारी, ४ नोव्हेंबरला, हिशेबनीस ऑक्टोबरची हजेरी ओढायला बसला आणि संपर्क होईना.

अशा वेळी कीबोर्डला हात लावण्याआधी उठून गेटवर जावे आणि यंत्राचा पडदा पाहावा. आपल्या उदाहरणातल्या यंत्रावर त्या मंगळवारी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी तारीख होती २ जानेवारी २०००, वेळ पहाटेचे ३ वाजून २५ मिनिटे. असे दिसले की घड्याळ लगेच दुरुस्त करण्याचा मोह होतो. तो आवरावा. आपला मोबाइल घड्याळ उघडून यंत्राच्या शेजारी धरावा आणि दोन्ही वेळा एकाच चौकटीत येतील असा दुसऱ्या मोबाइलने फोटो काढावा. या एका फोटोवर पुढे दीड दिवसाची हजेरी वाचणार आहे. हजेरीची अनेक सॉफ्टवेअरे यंत्राशी जोडली जाताच आपण होऊन कॉम्प्युटरची वेळ यंत्रात भरतात. म्हणजे रस्ता दुरुस्त झाला की त्याच क्षणी हा पुरावा नाहीसा होऊ शकतो.

त्यानंतर पेन ड्राइव्ह. बहुतेक यंत्रांना खाली किंवा बाजूला यूएसबीचे तोंड असते आणि मेनूत हजेरीची नोंद पेन ड्राइव्हवर उतरवण्याची सोय असते. पेन ड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, नाहीतर पुष्कळ यंत्रे तो ओळखत नाहीत. त्यावर `1_attlog.dat` अशासारख्या नावाची फाइल उतरते. सुरुवातीचा अंक यंत्राचा क्रमांक. ही फाइल कॉम्प्युटरवर ठेवावी, तिची एक प्रत ई-मेलने स्वतःलाच पाठवावी आणि मूळ फाइलला कोणी हात लावू नये. आता रस्ता दुरुस्त करताना काहीही झाले तरी पंच सुरक्षित आहेत. ‘नोंदी पुसा’, ‘फॅक्टरी रिसेट’ अशा पर्यायांकडे तर महिन्याचा पगार वाटून होईपर्यंत वळूच नये.

मग रस्ता. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आयपी अ‍ॅड्रेस असतो, चार आकड्यांचा. साध्या ऑफिसात त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि शेवटचा म्हणजे घर क्रमांक असे समजावे. एका गल्लीतली घरे एकमेकांशी थेट बोलतात. गल्ली वेगळी झाली की मध्ये कोणीतरी रस्ता दाखवणारा लागतो आणि लहान ऑफिसात तो बहुधा ठेवलेलाच नसतो.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या थंब मशीनांपैकी पुष्कळ झेडकेटेको या चिनी कंपनीच्या घडणीची असतात. मुखवट्यावर नाव वेगळे असले तरी आतले यंत्र तेच. त्यांचा कारखान्यातून येतानाचा पत्ता ठरलेला असतो: `192.168.1.201`. बसवणारा तंत्रज्ञ बहुधा तोच ठेवतो, कारण पुष्कळ राउटरांची गल्लीही `192.168.1` हीच असते. सगळे आपोआप जुळते आणि वर्षानुवर्षे कोणाला त्याची आठवणही राहत नाही.

नवा राउटर आला की ही जुळणी मोडते. कॉम्प्युटरवर काळी कमांड विंडो उघडून `ipconfig` लिहिले की कॉम्प्युटरचा पत्ता दिसतो. आपल्या उदाहरणात तो निघाला `192.168.29.14`. गेटवरच्या यंत्राच्या मेनूत `Comm.` आणि त्यात `Ethernet` उघडले, तर तिथे पत्ता अजून `192.168.1.201`. कॉम्प्युटर नव्या गल्लीत राहायला आला, यंत्र जुन्याच गल्लीत राहिले. इंटरनेट चालते म्हणजे नेटवर्क ठीक आहे, हा समज इथे फसवतो. कॉम्प्युटरला पत्ता राउटर आपण होऊन देतो, यंत्राचा पत्ता मात्र कोणीतरी हाताने बसवलेला असतो.

उपाय सरळ आहे. यंत्रात पत्ता `192.168.29.201`, मास्क `255.255.255.0` आणि गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता `192.168.29.1` असे भरायचे. मग सॉफ्टवेअरमध्ये यंत्रांची यादी असते तिथेही हाच नवा पत्ता लिहायचा. हे दुसरे काम अनेकदा राहून जाते आणि सॉफ्टवेअर जुन्याच दारावर थापा मारत बसते.

आता तपासणी. कमांड विंडोत हे लिहावे:

```
ping 192.168.29.201
```

इथे विंडोज एक चकवा देते. यंत्र सापडले नाही तरी उत्तर कधीकधी असे दिसते:

```
Reply from 192.168.29.14: Destination host unreachable.
```

`Reply from` हे शब्द पाहून ‘उत्तर आले, जोडणी ठीक आहे’ असे हिशेबनीस फोनवर सांगतो. खाली गोळाबेरजेत `Lost = 0` असेही दिसते. पण त्या ओळीतला पत्ता पाहावा. तो `14` आहे, म्हणजे आपलाच कॉम्प्युटर. त्याने शोधले, कोणी सापडले नाही आणि तसे त्यानेच आपल्याला कळवले. खरे उत्तर आले असेल तर ओळीत `201` असते आणि पुढे वेळ व `TTL` लिहिलेले असते.

`201`कडून खरे उत्तर येऊनही हजेरी येत नाही, असेही होते. तेव्हा यंत्राची केबल काढावी आणि पुन्हा `ping` करावे. केबल काढल्यावरही उत्तर येत राहिले, तर त्या पत्त्यावर दुसरेच कोणी राहते आहे. राउटर आपल्या गल्लीतले घर क्रमांक येणाऱ्या-जाणाऱ्या मोबाइलांना वाटत असतो. त्याच्या वाटपात `201` असेल तर तो एखाद्या दिवशी सुपरवायझरच्या फोनला मिळतो. मग हजेरी कधी येते, कधी येत नाही. सकाळी चालते, दुपारी अडते. ‘यंत्रच खराब आहे’ असा निष्कर्ष काढून नवे यंत्र घेणारे मालक याच दुखण्याचे बळी असतात. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वाटप `2` ते `150` एवढ्यापुरते आवळले की `201` मोकळा राहतो. राउटर आपल्या हातात नसेल तर ब्रॉडबँडवाल्याकडून तेवढे करून घ्यावे.

पत्ता बरोबर असेल तरी दार उघडायला हवे. ही यंत्रे बोलतात ते `4370` क्रमांकाच्या पोर्टवर. सॉफ्टवेअरमध्येही तोच आकडा हवा. पॉवरशेलमध्ये एक ओळ लिहून तो तपासता येतो:

```
Test-NetConnection 192.168.29.201 -Port 4370
```

खाली `TcpTestSucceeded : True` आले तर रस्ता आणि दार दोन्ही खुले आहेत. काही जुनी यंत्रे याच पोर्टवर यूडीपी या वेगळ्या पद्धतीने बोलतात. त्यांच्याबाबत `False` आले तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. `True` येऊनही सॉफ्टवेअर नकार देत असेल तर यंत्राच्या मेनूतला `Comm Key` पाहावा. हा यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्यातला परवलीचा आकडा, मुळात शून्य. कोणी तो यंत्रात बदलला आणि सॉफ्टवेअरमध्ये बदलला नाही, तर दार उघडे असूनही आत घेतले जात नाही.

हे झाले कॉम्प्युटर यंत्राकडून हजेरी ओढतो त्या पद्धतीचे. नव्या यंत्रांत उलटी पद्धतही असते: प्रत्येक पंच यंत्र स्वतः सर्व्हरकडे ढकलते. तिथे यंत्रात सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो. ऑफिसातलाच कॉम्प्युटर सर्व्हर असेल, तर नव्या राउटरने त्या कॉम्प्युटरचा पत्ता बदलला की यंत्र जुन्या पत्त्यावर पंच पाठवत राहते. विंडोजचा फायरवॉल बाहेरून आत येणारी जोडणी अडवतो, तेही याच पद्धतीत नडते. म्हणून असा कॉम्प्युटर असेल तर त्याचा पत्ताही पक्का करून घ्यावा.

केबलबद्दल थोडेसेच. गेट आणि ऑफिस यांच्यामध्ये केबल शंभर मीटरपेक्षा लांब असेल तर ती प्रमाणाबाहेर आहे. मध्ये स्विच हवाच. यंत्राच्या मागे जिथे केबल खोचतात तिथले दिवे लुकलुकत नसतील, तर पत्त्यांचा विचार करण्याआधी केबलची टोके तपासावीत. गेटवरची धूळ आणि पावसाळ्यातली ओल तिथे आधी पोहोचते.

रस्ता खुला झाला. आता तो फोटो काढायचा.

यंत्राच्या आत घड्याळ चालू ठेवण्यासाठी एक नाण्याएवढा बटन सेल असतो. वीज असते तेव्हा त्याचे काम पडत नाही. वीज गेली की घड्याळ त्याच्यावर चालते. पाच-सात वर्षांनी तो सेल मरतो आणि कोणाला कळतही नाही, कारण वीज असताना घड्याळ बरोबरच असते. मग एका रविवारी वीज दिवसभर जाते, सोमवारी येते आणि यंत्र जागे होते ते १ जानेवारी २०००च्या मध्यरात्री. कामगार येतात, बोट ठेवतात, यंत्र ‘थँक यू’ म्हणते आणि पंच लिहून घेते, पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या तारखेने. हिशेबनीस सॉफ्टवेअरला विचारतो, १ नोव्हेंबर ते ३० नोव्हेंबरची हजेरी दे. सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे देते. त्यात ३ नोव्हेंबरला सगळा कारखाना गैरहजर असतो.

सगळाच कारखाना गैरहजर दिसला तर निदान कोणीतरी चमकतो. पण रात्रपाळी, आठवड्याच्या वेगवेगळ्या सुट्ट्या, कंत्राटदाराची वेगळी यादी अशा गोंधळात एखाद्याचा एकच दिवस जातो. ‘त्या दिवशी तुझा पंच दिसत नाही’ असे ऐकून तो गप्प बसतो. खाडा लागतो, पगार कापला जातो.

हे पंच परत मिळवता येतात. हिशोब करून पाहू. फोटोत खरी वेळ आहे ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०:४०. यंत्राची वेळ आहे २ जानेवारी २०००, ०३:२५. म्हणजे यंत्र मध्यरात्रीच्या शून्यापासून सुरू होऊन एक दिवस, तीन तास, पंचवीस मिनिटे झाली. खऱ्या वेळेतून तेवढे मागे गेलो की येतात ३ नोव्हेंबर, सकाळचे ७:१५. वीज त्या वेळी आली. आता पेन ड्राइव्हवरच्या फाइलमधली सतरा क्रमांकाच्या कामगाराची ओळ पाहा:

```
17	2000-01-01 00:42:10	1	0	1	0
```

पहिला आकडा कामगाराचा, मग तारीख आणि वेळ. पुढचे आकडे यंत्राचा क्रमांक, आत की बाहेर, बोट की पासवर्ड वगैरे सांगतात. त्यांचा क्रम मॉडेलनुसार बदलतो. वीज आल्यानंतर बेचाळीस मिनिटांनी हा पंच पडला. ७:१५ मध्ये बेचाळीस मिनिटे मिळवली की ७:५७ होतात. पहिली पाळी आठची. सतरा क्रमांकाचा कामगार वेळेवर आला होता आणि याचा पुरावा यंत्रातच होता.

इथे एक अडचण येऊ शकते. त्या दोन दिवसांत वीज दोनदा गेली असेल, तर घड्याळ दोनदा शून्यावर आले असेल. फाइलमध्ये पंच बहुधा पडले त्या क्रमाने असतात, म्हणून वरून खाली वाचताना वेळ वाढत वाढत जाते. एखाद्या ओळीला ती एकदम मागे आली, म्हणजे दुपारच्या दोननंतर पुन्हा मध्यरात्र झाली, की तिथे वीज गेली होती असे समजावे. आपला फोटो फक्त शेवटच्या तुकड्याला लागू पडतो. आधीच्या तुकड्यासाठी वीज नेमकी कधी आली हे दुसरीकडून शोधावे लागते: गेटवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रणातून, वॉचमनच्या वहीतून किंवा पाळी सुरू होताना नेहमी एकदमच येणाऱ्या दहा-बारा जणांच्या पंचांवरून. हे शेवटचे साधन अंदाजाचे आहे. त्यावर कोणाला लेट मार्क लावू नये, हजेरी मात्र द्यावी.

अशी दुरुस्ती मूळ फाइलमध्ये कधीच करू नये. वेगळा कागद करावा: यंत्रातली वेळ, खरी वेळ, फरक कसा काढला, शेवटी सुपरवायझरची आणि त्या कामगाराची सही. उद्या तक्रार झाली तर हा कागद आणि जशीच्या तशी असलेली फाइल, दोन्ही दाखवता येतात. मूळ फाइलमध्ये कोणी खाडाखोड केली की पूर्ण महिन्याच्या हजेरीवरचाच विश्वास उडतो.

हे सगळे झाल्यावर घड्याळ लावावे. त्याआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरचे घड्याळ पाहावे, कारण पुढे सॉफ्टवेअर तेच यंत्रात भरणार आहे. कॉम्प्युटर इंटरनेटवरून वेळ घेतो की नाही आणि त्याचा टाइम झोन भारताचा, म्हणजे `UTC+05:30` आहे की नाही, दोन्ही तपासावे. टाइम झोन चुकला तर सगळ्यांचे पंच सारख्याच तासांनी सरकतात. तंत्रज्ञाला बोलावून बटन सेल बदलून घ्यावा आणि बदलल्यावर यंत्राचा प्लग तासभर काढून ठेवून पाहावा. परत लावल्यावर वेळ बरोबर असेल तरच काम झाले.

सेल चांगला असला तरी घड्याळ हळूहळू सरकते. अशा घड्याळातला स्फटिक दिवसाला सेकंद-दीड सेकंद पुढेमागे जाऊ शकतो. महिन्याला पाऊण मिनिट, सहा महिन्यांत चार-पाच मिनिटे. ज्या ऑफिसात पाच मिनिटांची सूट देऊन सहाव्या मिनिटाला लेट मार्क लागतो आणि तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कापतात, तिथे यंत्राचे घड्याळ पाच मिनिटे पुढे असणे म्हणजे उघड अन्याय आहे. महिन्यातून एकदा यंत्राची वेळ मोबाइलशी ताडून पाहण्याला एक मिनिटही लागत नाही. नियम इतका कडक ठेवायचा तर हे मिनिट मालकाने काढलेच पाहिजे.

शेवटी फाइल. आपल्या उदाहरणात रस्ता सुरू झाला आणि ऑक्टोबरची हजेरी सीएसव्ही फाइलमध्ये कॉम्प्युटरवर आली. हिशेबनिसाने ती दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. पगाराच्या शीटने सांगितले की बहुतेक सगळे १३ तारखेपासूनच कामावर आले आहेत. पहिल्या बारा दिवसांत १० तारीख सोडली तर कोणीच नाही.

हा चमत्कार तारखेच्या मांडणीतून होतो. सॉफ्टवेअरने तारीख आपल्या पद्धतीने लिहिली: आधी दिवस, मग महिना. ३ ऑक्टोबर म्हणजे `03-10-2025`. पण कॉम्प्युटरवर विंडोज टाकताना कोणी प्रदेश अमेरिका ठेवला असेल तर एक्सेल आधी महिना वाचतो. त्याने `03-10-2025` ही तारीख १० मार्च धरली. ४ ऑक्टोबरचा झाला १० एप्रिल, १२ ऑक्टोबरचा १० डिसेंबर. पहिल्या बारा दिवसांची हजेरी वर्षभर विखुरली. त्यात १० ऑक्टोबर हा एकच दिवस बरोबर राहिला, कारण तिथे दिवस आणि महिना दोन्ही दहाच. १३ तारखेपासून पुढे मात्र तेरावा महिना नसल्याने एक्सेलला ती तारीख कळतच नाही. तो तिला नुसता मजकूर समजून जशीच्या तशी ठेवतो आणि ती पाहणाऱ्याला बरोबर दिसते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. तारखांचा रकाना थोडा रुंद करून पाहावा. एक्सेलला समजलेल्या तारखा उजव्या कडेला चिकटतात, मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर हाच घोळ आहे. फाइल तशीच बंद करावी, सेव्ह करू नये. एकदा सेव्ह झाली की बदललेल्या तारखा सीएसव्हीत कायमच्या लिहिल्या जातात आणि नंतर कोणता १० मार्च मुळात ३ ऑक्टोबर होता हे सांगता येत नाही.

योग्य रीत अशी: एक्सेल रिकामा उघडायचा, `Data` मधून `From Text/CSV` निवडायचे आणि फाइल आत घेताना तारखेचा रकाना दिवस-महिना-वर्ष या क्रमाचा आहे असे सांगायचे. त्याच वेळी कामगार क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून घ्यायचा. नाहीतर `0017` मधली पुढची शून्ये एक्सेल टाकून देतो, राहतो नुसता `17`. पगाराच्या शीटमध्ये क्रमांक `0017` असेल तर दोघांची गाठ पडत नाही आणि त्या कामगाराची हजेरी शून्य येते. सॉफ्टवेअरमध्ये तारखेची मांडणी निवडता येत असेल तर वर्ष आधी लिहिणारी, म्हणजे `2025-10-03` अशी घ्यावी. या मांडणीत दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही. यंत्राची स्वतःची फाइलही तारीख अशीच लिहिते, हे वरच्या ओळीत दिसलेच.

रात्रपाळीवाल्यांचा एक वेगळा प्रश्न असतो. रात्री अकराला आत आणि सकाळी सातला बाहेर, म्हणजे दोन पंच दोन तारखांना. यंत्राला पाळी कळत नाही, ते फक्त वेळ लिहिते. सॉफ्टवेअरमध्ये ती पाळी मध्यरात्र ओलांडते असे नोंदवलेले नसेल, तर एका दिवशी ‘बाहेरचा पंच नाही’ आणि दुसऱ्या दिवशी ‘आतला पंच नाही’ असे दोन अर्धवट दिवस तयार होतात. यात यंत्र, केबल, घड्याळ कशाचाच दोष नसतो. पाळीची नोंद एकदा नीट केली की हा प्रश्न सुटतो.

हिशेबनिसांना माझी एक विनंती आहे. महिन्याचा पगार करण्याआधी यंत्राच्या कच्च्या फाइलमधले एकूण पंच आणि पगाराच्या शीटमध्ये आलेले पंच मोजून पाहा. दोन्ही आकडे जुळत नसतील तर पगार थांबवायची गरज नाही, पण ज्यांचे दिवस कमी दिसतात त्यांना विचारल्याशिवाय खाडा लावू नका.

आणि तुम्ही स्वतः बोट ठेवणारे असाल, अंगठा लावला होता याची तुम्हाला खात्री असेल आणि पगारपत्रकात तो दिवस नसेल, तर ऑफिसात जाऊन तुमच्या क्रमांकाच्या मूळ नोंदी मागा. त्या दिवसाच्या तारखेला काही सापडले नाही तर २००० सालच्या नोंदीही दाखवायला सांगा.